जॉर्जेटवर उलटी बखिया: सावली नीट पडत नाही, पान द्रोणासारखं वळतंय आणि मागे लावायचं तरी काय?

रेवती_पुणे

मोठी पोस्ट आहे, चहा घेऊन बसा.

बहिणीच्या साखरपुड्यासाठी तिला स्वतः भरलेला कुर्ता द्यायचा असं मोठ्या तोंडाने सांगून बसलेय. फिकट मोतिया रंगाचं जॉर्जेट अडीच मीटर आणलं. गळ्याभोवती आणि बाह्यांना चिकनकारीतलं शॅडो वर्क करायचं ठरवलं, कारण व्हिडिओत फार सोपं दिसलं. दोरा गडद डाळिंबी, सहा पदरी लडीतले तीन पदर. पानं 3 सेंमी लांब, मधोमध 1 सेंमी रुंद. आत्तापर्यंत तीन झाली आहेत आणि तिन्ही बिघडली आहेत.

पहिलं म्हणजे पान सपाट राहत नाही, पत्रावळीच्या दुकानातल्या द्रोणासारखं वळतं. दुसरं, सावली सलग नाही. मधे मधे पट्टे दिसतात, जणू खिडकीचे गज. तिसरं, मागे काय लावायचं यावर घरात तीन मतं आहेत. व्हिडिओवाली बाई म्हणते पाण्यात विरघळणारा कागद लाव, शिंपी म्हणतो फ्यूजिंग मारून देतो, आई म्हणते अस्तर.

आणि चौथं, जे सांगायला लाज वाटते. नक्षी पाण्याने जाणाऱ्या निळ्या पेनाने काढली होती. पान वळलं म्हणून सपाट करायला वरून इस्त्री फिरवली. आता तिथल्या रेषा तपकिरी झाल्यात आणि ओल्या फडक्याने जात नाहीत.

---

मावशीबाई

रेवती, आमच्या होम सायन्सच्या वर्गात शॅडो वर्क होतं, अजून फाइल आहे माझ्याकडे. शॅडो वर्क आणि चिकन एकच गं, उगाच लखनौचं नाव लावून महाग करतात. सुलट्या बाजूने दोन्ही कडांना आळीपाळीने टीप घालत जायचं, दोरा आपोआप मागे तिरका जातो. मागून फ्यूजिंग मारलंस की वळणं बंद. शिंप्याचं ऐक.

---

चौकवाली

रेवती, मागच्या बाजूचा फोटो टाक. पुढून बघून काही कळत नाही, या कामाची सगळी कुंडली मागे असते.

मावशी, तुमची पद्धत चूक नाही, शेवटी टाका तोच पडतो. पण दोन गोष्टी. चिकनमध्ये शॅडो वर्क हा एकच प्रकार नाही. टेपची, फंदा, मुर्री, जाली, हूल, झंझीरा असं बरंच आहे आणि त्यातला सावलीचा टाका म्हणजे बखिया. आणि फ्यूजिंगचं मात्र कृपा करून ऐकू नका. त्यावर नंतर लिहिते.

(ओळख: नवऱ्याच्या नोकरीमुळे नऊ वर्षं लखनौला होते. काकोरीकडून काम घेऊन येणाऱ्या एका आपांकडे बसून शिकले. आता नागपूर.)

---

बंड्या_डोंबिवली

चिकनचा धागा दिसला म्हणून विचारतो. पुढच्या महिन्यात लखनौला जातोय, बायकोसाठी जॉर्जेटचा कुर्ता चौकात घ्यावा की अमीनाबादेत? साधारण किती पडेल?

---

चौकवाली

बंड्या, दोन्हीकडे मिळेल. भावावर बोलत नाही, पण एक युक्ती घ्या. कुर्ता उलटा करून बघा. हाताच्या कामात मागचे दोरे एका पानातून दुसऱ्या पानात थोडे वेगवेगळे पडलेले असतात, कुठे सुरुवात कुठे शेवट ते दिसतं. मशीनच्या कामात मागे एक वेगळाच बारीक दोरा सगळीकडे सारखा धावत असतो.

---

रेवती_पुणे

फोटो टाकलाय. हसू नका.

---

चौकवाली

हसले नाही, पण सगळं कळलं.

आधी टाका कसा पडतो ते सांगते, म्हणजे तुझे पट्टे का आले ते आपोआप समजेल. उलटी बखिया आपा कापडाच्या उलट्या बाजूने घालायच्या. जॉर्जेट पारदर्शक, त्यामुळे छापलेली नक्षी मागूनही दिसते. वरच्या कडेवर सुईने कापडाचा बारीकसा घास घ्यायचा, साधारण दोन मिलिमीटर. मग तिरकं खालच्या कडेवर यायचं, तिथे तेवढाच घास. पुन्हा तिरकं वर. नवा घास मागच्या घासाच्या भोकालाच येऊन टेकला पाहिजे. मागे दोऱ्यांच्या फुल्याच फुल्या होतात, पुढे मात्र पानाच्या दोन्ही कडांना टीप घातल्यासारखी बारीक ओळ दिसते, आणि मधे त्या फुल्यांची सावली.

आता तुझ्या फोटोत एकेक घास चार-साडेचार मिलिमीटरचा आहे. घास मोठा म्हणजे मागचे तिरके दोरे एकमेकांपासून लांब. मधे रिकामं कापड राहतं आणि पुढून ते गजासारखं दिसतं. दोऱ्याचे पदर वाढवून हे झाकायला जाऊ नकोस. चार पदर घेतलेस तर कडेची टीप जाडजूड दिसेल आणि गज तसेच राहतील. उलट दोन पदर घे आणि घास लहान कर.

दुसरं, पान फार रुंद आहे. एक सेंमी रुंदीवर दोरा तेवढा लांब लोंबतो. सैल सोडला तर अंगठीत, बांगडीत अडकतो, ओढला तर दोन्ही कडा एकमेकींकडे खेचतो. सुती मलमल थोडा विरोध करते. जॉर्जेट करत नाही, ते लवचिक. म्हणून तुझा द्रोण. यावर उपाय म्हणजे पानाला मधली शीर दे आणि दोन अर्धी पानं भर, प्रत्येक अर्ध पाच मिलिमीटरच्या आत. लखनौच्या नक्षीत पानांना मधून दुभागलेलं असतं ते नुसतं शोभेसाठी नाही.

आणि रिंग. तुझ्या फोटोत कापड ताशासारखं ताणलेलं आहे. सुती कापडाला ते चालतं, याला नाही. ताणलेल्या जॉर्जेटवर टाका घातलास की रिंग काढल्यावर आजूबाजूचं कापड परत आखडतं, टाक्याखालचं आखडू शकत नाही. तिथे चुण्या येतात. बोट दाबलं तर कापड थोडं खाली जाईल इतकंच ताण. आतल्या रिंगेला सुती पट्टी गुंडाळ, म्हणजे घसरणार नाही. आपा तर रिंग क्वचितच घ्यायच्या, डाव्या हाताच्या बोटांवर कापड पसरून भरायच्या. दर चार-पाच टाक्यांनंतर नखाने हळूच पान पसरून बघायच्या. ही सवय लाव.

---

मिलिंद_इचल

कापडाबद्दल कुणी विचारलं का? जॉर्जेट कशाचं आहे?

---

रेवती_पुणे

दुकानदार म्हणाला "प्युअर".

---

मिलिंद_इचल

ते सगळेच म्हणतात. कडेचे दोन-तीन दोरे काढून चिमट्यात धरून जाळा. सिंकवर, पंखा बंद करून. कागद जळल्याचा वास आणि मऊ राख आली तर व्हिस्कोस. वितळून टोकाला कडक काळा मणी झाला तर पॉलिएस्टर. केस जळल्याचा वास आणि चुरडली जाणारी राख म्हणजे रेशीम.

हे महत्त्वाचं कारण असं. जॉर्जेटच्या सुताला जबरदस्त पीळ असतो, एक उजवा, एक डावा, असं आलटूनपालटून विणतात. त्यामुळेच ते दाणेदार लागतं आणि सुरकुतत नाही. व्हिस्कोस किंवा रेशमाचं असेल तर पाणी लागल्यावर सूत फुगतं, पीळ मोकळा व्हायला बघतो आणि कापड आटतं. पॉलिएस्टर उष्णतेने बसवलेलं असतं, ते फारसं आटत नाही. तुम्ही न धुतलेल्या व्हिस्कोसवर भरलंत तर पहिल्या धुण्यात कापड आटेल, तुमचा सुती दोरा तेवढा आटणार नाही. मग प्रत्येक पान फुगेल. तो द्रोण रिंगेने किंवा सुईने सुटणारा नाही.

---

रेवती_पुणे

जाळलं. कागदाचा वास, राख. व्हिस्कोस. आणि हो, न धुताच भरायला घेतलं. 😑

---

मिलिंद_इचल

मग उरलेल्या कापडातून 25 सेंमीचा चौकोन कापा. साध्या पाण्यात अर्धा तास ठेवा, न पिळता सपाट वाळवा, उलट बाजूने मंद इस्त्री करून मोजा. दोन्ही दिशांनी मोजा, उभं आणि आडवं सारखं आटत नाही.

---

निशिगंधा

मध्येच घुसते. माझा नेव्ही ब्लू जॉर्जेट कुर्ता आहे, पांढऱ्या दोऱ्याचं चिकन, विकतचा. सगळीकडे लिहितात तसं उलटा करून मशीनमध्ये हलक्या सायकलवर टाकला. बाहेर आला तर अर्ध्या पानांचे मागचे दोरे ओढून लोंबतायत आणि पांढरा दोरा निळसर झालाय. उलटा करूनही असं का?

---

चौकवाली

निशिगंधा, "उलटा करून धुवा" हा सल्ला पुढून भरलेल्या कामासाठी ठीक आहे. उलट्या बखियाचे सगळे मोकळे दोरे मागे असतात. कुर्ता उलटा केलास म्हणजे तेच दोरे ड्रमला, बाकीच्या कपड्यांच्या हुकांना, चेनला घासायला बाहेर काढलेस. अस्तर असलेला कुर्ता असेल तर गोष्ट वेगळी. बिनअस्तराचा सुलटाच ठेवून हाताने धुवायचा.

लोंबणारे दोरे कापू नकोस. एक कापलास की शेजारच्या घासातून उसवत जाईल. बोथट सुई घेऊन पुढच्या टाक्यांमधून ढील थोडी थोडी वाटत ने. निम्मं तरी बसतं.

रंगाचं मिलिंददादा सांगतील.

---

मिलिंद_इचल

कापडातला जास्तीचा रंग पाण्यात उतरला आणि दोऱ्यावर बसला. ओलं असताना लगेच भरपूर गार पाण्यात सोडून, साबण घालून, पाणी बदलत राहिलं असतं तर बराचसा गेला असता. वाळलं की पकडतो. आताही एकदा बादलीभर पाण्यात सौम्य लिक्विड घालून दोन-तीन तास ठेवून बघा, पण पूर्ण पांढरा होईल असं वचन देत नाही. ब्लीच नको, नेव्ही जाईल.

---

मावशीबाई

मिठाच्या पाण्यात आणि व्हिनेगरमध्ये भिजवलं की रंग पक्का होतो, आम्ही सगळ्या नव्या साड्यांना करायचो.

---

मिलिंद_इचल

मावशी, मीठ रंगवताना भांड्यात लागतं, रंगाला सुताकडे ढकलायला. रंगवून झालेल्या कापडाचा सुटा रंग त्याने पक्का होत नाही. मिठाच्या पाण्यात थोडा वेळ कमी उतरल्यासारखा वाटतो, पुढच्या साध्या पाण्यात पुन्हा उतरतो. व्हिनेगरचा उपयोग रेशीम-लोकरीच्या आम्लाने चढणाऱ्या रंगांना होतो. व्हिस्कोस किंवा सुती दोऱ्याला नाही.

रेवती, हा धडा तुम्हालाही लागू. तुमच्याकडे उलटं आहे, कापड फिकट आणि दोरा डाळिंबी. लाल-डाळिंबी दोरे बेभरवशाचे. ओल्या पांढऱ्या फडक्यावर दोरा ठेवून वाटीने दाबून रात्रभर राहू द्या. फडक्याला गुलाबी लागला तर लडीच आधी धुऊन घ्या, पाणी स्वच्छ येईपर्यंत.

---

टोरांटोकर_मीनल

निळ्या पेनाच्या नादी लागूच नका. मी इस्त्रीने उडणारं पेन वापरते, इस्त्री लावली की गायब. एकदम सोपं.

---

टोरांटोकर_मीनल

वरची पोस्ट लिहून झाल्यावर नवरा म्हणाला, "आणि तो जानेवारीतला दुपट्टा?" हो, ते विसरलेच होते. दुपट्टा रात्रभर गाडीत राहिला, बाहेर उणे अठरा होतं. सकाळी सगळ्या रेषा परत आलेल्या! पुन्हा इस्त्री केली, गेल्या. पुण्यात ही अडचण यायची नाही, पण गडद कापडावर पांढुरका माग राहतो तोही राहतोच.

---

चौकवाली

मीनल, किस्सा भारी.

रेवतीच्या रेषांबद्दल. पाण्याने जाणाऱ्या निळ्या पेनाचे दोन शत्रू, उष्णता आणि साबण. इस्त्रीने ती शाई पक्की होते, साबणाने तपकिरी होते. म्हणून भरून झालं की आधी नुसत्या गार पाण्यात बुडवून ठेवायचं, ओल्या फडक्याने पुसायचं नाही. पुसल्याने शाई नुसती बाजूच्या कापडात सरकते, वाळल्यावर परत वर येते. रेष पूर्ण गेल्यावरच साबण, आणि इस्त्री सगळ्यात शेवटी. तू क्रम उलटा केलास.

आत्ता काय? तीन-चार तास गार पाण्यात, दर तासाला पाणी बदलून बघ. राहिली तर राहिली. ती रेष पानाच्या कडेवरच असेल तर बाहेरून टेपचीची एक ओळ घाल, धावदोराच तो, सुलट्या बाजूने. रेष झाकली जाते आणि पानाला किनार मिळते. लखनौलाही पानाच्या बाहेर टेपची असतेच, कुणाला दुरुस्ती वाटणार नाही.

लखनौची पद्धत म्हणजे लाकडी ठशाने छपाई. नीळ आणि डिंक कालवून, ती धुण्यात जाते. पुण्यात ठसे कुठून आणणार! आपल्याकडे ट्रेसिंग पेपरला सुईने भोकं पाडून रॉकेलमध्ये नीळ कालवून बोळ्याने फिरवतात, तेही चालतं. फक्त नीळ अगदी कमी आणि बोळा जवळजवळ कोरडा. जॉर्जेट विरळ असल्याने ओला बोळा थेट खालच्या टेबलापर्यंत पसरतो.

---

रेवती_पुणे

चौकोन धुतला. 25 चा उभ्या बाजूने 23.5 झाला, आडवा 24.3!

---

मिलिंद_इचल

उभा दीड सेंमी, म्हणजे 6 टक्के. कुर्ता 110 सेंमी लांब शिवला असतात तर पहिल्या धुण्यात साधारण साडेसहा सेंमी वर गेला असता. आडवा जेमतेम 3 टक्के, म्हणजे पानं एका दिशेने जास्त चिमटली असती. सगळं कापड भिजवा, मगच पुढचं.

---

मावशीबाई

बरं बाई, मीठ सोडलं. पण फ्यूजिंगचं काय, ते अजून कुणी सांगितलं नाही.

---

चौकवाली

सांगते मावशी. "मागे लावणं" या एकाच शब्दात इथे तीन वेगळी कामं गुंतलीत.

एक, भरताना कापड हलू नये म्हणून. दोन, भरून झाल्यावर दोरे अडकू नयेत म्हणून. तीन, अंगावर घालताना आतलं दिसू नये म्हणून.

फ्यूजिंग ही दुसऱ्या कामासाठीची गोष्ट, पण बखियाला मारक. गोंद उष्णतेने वितळून दोऱ्यांना आणि कापडाला एकत्र चिकटतो. सावली पडते ती दोरा कापडाच्या मागे मोकळा असतो म्हणून. गोंद बसला की कापड तिथे पुठ्ठ्यासारखं होतं, झोक जातो, आणि विरळ विणीतून गोंदाचे ठिपके पुढे चमकतात. एकदा एका ओढणीला करून बसलेय. निघतही नाही.

पहिल्या कामासाठी पाण्यात विरघळणारा पारदर्शक कागद वापरता येतो, वाईट नाही. पण बखियात तो दोऱ्यांच्या खाली अडकून राहतो आणि नीट न धुतल्यास वाळून खरखरीत होतो. मी घरचा उपाय करते. भाताची पातळ पेज गाळून घ्यायची, एक वाटी पेजेला दोन लिटर पाणी. भिजवून आटवलेलं जॉर्जेट त्यात बुडवून, न पिळता वाळवून, थोडं दमट असताना इस्त्री. कापड मलमलीसारखं वागतं, सुई घसरत नाही, नक्षीही सरळ उमटते. (निळ्या पेनाने काढायची नक्षी या इस्त्रीनंतर, आधी नाही!) भरून झाल्यावर खळ पूर्ण धुऊन काढ, नाहीतर कपाटात झुरळांना मेजवानी.

आईचं म्हणणं तिसऱ्या कामाचं, आणि दुसरंही त्यातच भागतं. अस्तर. पण ते फक्त खांद्यात, गळ्यात आणि मुंढ्यात जोडायचं. बाजूच्या शिवणी वेगळ्या, खालचा घेर मोकळा, अस्तर दोन बोटं आखूड. सुती अस्तर असेल तर तेही आधी भिजव. दोन्ही कापडं एकाच शिवणीत धरलीस आणि एक जास्त आटलं तर कुर्ता बाजूने गोळा होतो.

---

निशिगंधा

अस्तराचा रंग कोणता घ्यायचा? माझ्या कुर्त्याला नंतर पांढरं अस्तर लावून घेतलं आणि काम दिसेनासंच झालं.

---

चौकवाली

दिसणार नाहीच. तुझ्या नेव्ही कापडातून पांढऱ्या दोऱ्याची फिकट सावली दिसायची, कारण बाकी पार्श्वभूमी गडद होती. मागे पांढरं अस्तर आलं की सगळीच पार्श्वभूमी फिकट. पांढऱ्या दोऱ्याला कापडाच्याच रंगाचं अस्तर.

रेवतीचं उलटं, गडद दोरा फिकट कापड. तुला मोतिया किंवा ऑफव्हाइट. अंगाच्या रंगाचं घेतलंस तर सावली मळकट दिसेल असं माझं मत. एक पान पूर्ण झालं की त्याखाली एकेक कापड धरून खिडकीत नाही, खोलीतल्या दिव्यात बघ. खिडकीत सगळंच छान दिसतं.

---

सुईदोरा_गोवा

जॉर्जेटवर जाली जमते का? मलमलीवर मी करते, दोरे न कापता सुईने बाजूला सारून. जॉर्जेटवर भोकं धरतच नाहीत, सकाळपर्यंत बुजतात.

---

चौकवाली

मला नाही जमली. त्या पिळामुळे सूत परत सरकतं असं वाटतं.

---

मिलिंद_इचल

सुताच्या पिळापेक्षा वीण किती विरळ त्यावर जास्त अवलंबून असेल. बाजारात जॉर्जेटवर जाली केलेली दिसते.

---

सुईदोरा_गोवा

दिसते खरी. पण ती हाताची की कापून काढलेली, ते उलट करून बघितलं नाही कधी.

---

रेवती_पुणे

आणखी एक. पानाच्या दांडीसाठी काय? साखळी टाका घातला तर पानांपुढे दांडीच जाड दिसतेय. आणि एका पानावरून दुसऱ्यावर जाताना मागून दोरा नेला तो पुढून वेडीवाकडी रेघ होऊन दिसतोय!

---

चौकवाली

हे जॉर्जेटचं खास दुखणं. मलमलीत थोडं खपतं, इथे मागचं सगळं पुढे. पानापानाला दोरा तोड. गाठ मारू नकोस, तीही ठिपक्यासारखी दिसते. सुरुवातीला दोन-तीन सेंमी शेपूट सोड आणि नंतर ते त्याच पानाच्या फुल्यांखालून फिरवून काप. त्या सावलीत शेपूट लपतं. आणि एका वेळी हातभर दोरा घेऊ नकोस, कोपरापर्यंतचा पुरे. लांब दोरा जॉर्जेटच्या दाणेदार अंगाला घासून पिंजतो आणि सावली केसाळ दिसते.

दांडीला रहेत घाल. उलट्या बाजूने दांडी टाका, तो पुढे टिपेसारखा दिसतो. म्हणजे पानाच्या कडा आणि दांडी एकाच हाताच्या वाटतात. फुलाच्या मधे चार फंदे घाल, बस. मुर्री सुंदर असते, पण पुढून फुगीर, तांदळाच्या दाण्याएवढी. शेजारची सावली त्यापुढे फिकी पडते. इथे ठेवायची की नाही, तुझी आवड.

---

रेवती_पुणे

अकरा दिवसांनी अपडेट.

जुना तुकडा टाकून दिला नाही, त्यावरच सराव केला. डाळिंबी लडी तिसऱ्या पाण्यापर्यंत गुलाबी सोडत होती, पाचव्याला स्वच्छ झाली. कापड भिजवलं, पेज केली. (आईने पेजेसाठी मुद्दाम आंबेमोहोर लावला, म्हणून कुर्त्याला दोन दिवस भाताचा वास.) पानं आता दुभागलेली, दोन पदर, घास दोन मिलिमीटर. पहिल्या पानाला चाळीस मिनिटं लागली, काल सतरा. सपाट बसतंय. सावली एकसारखी आहे, फक्त पानाच्या टोकाला, जिथे दोन्ही कडा भेटतात, तिथे दोरा दाटून गडद ठिपका येतो.

---

चौकवाली

टोकाला शेवटच्या चार मिलिमीटरमध्ये फुल्या घालू नकोस. एका आड एक टाका सोड, किंवा एकाच पदराने संपव. पदर काढून टाकायचा म्हणजे सुईतून एक सोडून मागे पक्का करायचा.

आता धुण्याचं लिहून ठेव, कारण शेवटी घाईत तूच चुकशील. आधी साधं गार पाणी, नक्षी जाईपर्यंत. मग बादलीत रिठ्याचं पाणी किंवा लोकरीसाठीचं लिक्विड, बुडवून वरखाली करायचं, चोळायचं नाही. व्हिस्कोस ओलं असताना त्याची ताकद जवळजवळ निम्मी होते, त्यामुळे पिळायचं नाही आणि खांद्यावरून टांगायचं नाही, वजनाने लांब होतं. टॉवेलात गुंडाळून दाब, मग सावलीत सपाट. इस्त्री मागून, खाली जाड टॉवेल, वर मलमलीचं फडकं. इस्त्रीचं टोक दोऱ्यात घुसलं की सगळं गेलं.

---

मिलिंद_इचल

रिठा फिकट मोतियावर वापरण्याआधी तुकड्यावर बघा. काही वेळा पिवळसर झाक येते.

---

चौकवाली

मला कधी आली नाही. पण बघायला काय जातं, बघ.

---

मावशीबाई

मी फाइल काढून बघितली. 1974 चा नमुना, फिकट गुलाबी ऑर्गंडी, मागे काही लावलेलं नाही. आणि पान दुभागलेलंच आहे गं. बाईंनी का सांगितलं होतं ते आज कळलं.

---

रेवती_पुणे

मावशी, फोटो टाका ना.

तपकिरी रेषांचं राहिलं सांगायचं. चार तास पाण्यात ठेवून दोन गेल्या, एक राहिली. तो जुना तुकडाच होता, तरी टेपची घालून बघितली. बरी दिसते. आता सगळ्याच पानांना घालू की काय असं वाटतंय, आणि साखरपुड्याला उरलेत एकोणीस दिवस, पानं बाकी चौतीस.

---

बंड्या_डोंबिवली

चौकात घेतला. उलटा करून बघितला, दुकानदार वैतागला.